कॅज्युअल्टीतला लाल-पिवळा-हिरवा तक्ता : लाल कुणाला, कागद कोणते आणि परत तपासणी कधी

कॅज्युअल्टीच्या दाराशी जे पहिलं टेबल असतं, तिथे मी बसते. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर गेला की अक्कलकोट, मंगळवेढा, अगदी कर्नाटकातल्या इंडीकडूनही गाड्या येतात आणि तासाभरात तीस-चाळीस जण दारात उभे राहतात. मग ठरलेला प्रश्न येतो : "आम्ही आधी आलो, त्यांना आधी का घेतलं?" उत्तर माझ्या मागच्या भिंतीवरच्या तक्त्यात आहे : लाल म्हणजे लगेच आत, पिवळा म्हणजे थोडं थांबून पण लवकर, हिरवा म्हणजे थांबू शकणारा. पण ते वाचायला वेळ कुणाला असतो? म्हणून इथे लिहिते.

लाल ठरायला पुष्कळदा आकडा लागतच नाही. बेशुद्ध रुग्ण, चालू झटके, घशात अडकलेला श्वास, थांबत नसलेलं रक्त, यांना सरळ आत नेतात. बाकीच्यांचे आकडे घेतले जातात. जागतिक आरोग्य संघटना, रेड क्रॉस आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांनी मिळून केलेल्या तक्त्यात मोठ्या माणसासाठी धोक्याच्या मर्यादा अशा आहेत : नाडी ६० च्या खाली किंवा १३० च्या वर, श्वास मिनिटाला १० पेक्षा कमी किंवा ३० पेक्षा जास्त, ताप ३९ अंशांच्या वर (म्हणजे १०२.२ फॅरेनहाइट) किंवा अंग ३६ च्या खाली गार, ऑक्सिजन ९२ च्या खाली, किंवा माणूस पूर्ण जागा नसणं. पिवळ्यातला माणूस यातल्या एका जरी आकड्यात सापडला तरी त्याला वर चढवायचं किंवा ज्येष्ठ डॉक्टरांना तिथल्या तिथे दाखवायचं. लहान मुलांच्या मर्यादा वेगळ्या असतात, त्या इथे लावू नका.

या यादीत बीपी नाही, हे बघितलंत? "बीपी नॉर्मल आहे ना, मग काही नाही" असं म्हणत लोक निर्धास्त बसतात. आतून रक्त जात असलं किंवा जंतुसंसर्ग पसरत असला तरी शरीर आधी नाडी वाढवून आणि रक्तवाहिन्या आवळून बीपी धरून ठेवतं. ते खाली येतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

आता अडचणीची जागा. तक्त्यावरचा सगळ्यात कामाचा आकडा श्वासाचा, आणि नेमका तोच कुणी मोजत नाही. नाडी आणि ऑक्सिजन बोटाला लावलेलं यंत्र सांगतं, बीपीही यंत्र सांगतं. श्वास मात्र पूर्ण एक मिनिट छातीकडे बघून मोजावा लागतो. गर्दीत ते मिनिट मिळत नाही, मग अंदाजाने '२०' लिहिलं जातं. एखाद्या दिवसाचं रजिस्टर उघडून बघा, अख्ख्या पानावर २०, २०, १८, २०. इतकी माणसं एकाच लयीत श्वास कशी घेतील?

हे मी दुसऱ्याला नावं ठेवायला लिहीत नाही. एका दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी एक यंत्रमाग कामगार आले. वय बावन्न, तीन दिवस ताप आणि खोकला. नाडी ११२, ऑक्सिजन ९४, बीपी ११८/७६, ताप ३८.४, पूर्ण जागे. श्वासाच्या रकान्यात मीच २० लिहिलं, न मोजता. वरच्या एकाही मर्यादेत ते बसत नव्हते, म्हणून पिवळी पट्टी बांधली. साडेचारला त्यांची बायको आली. "सिस्टर, त्यांना लई दम लागालाय बघा, धड बोलता येईना." मी घड्याळाकडे बघून म्हणाले, "अजून दहा मिनिटं आहेत." ती गेली नाही, समोर उभीच राहिली. तेव्हा मी उठले, नाडी बघतेय असं दाखवत त्यांचा हात धरला आणि छातीकडे बघत साठ सेकंद मोजले. रुग्णाला सांगून मोजलं की त्याचा श्वास बदलतो, म्हणून हे नाटक. आकडा आला २८. बाकीचे आकडे होते तसेच.

२८ म्हणजे तीसच्या आतच, मग लाल कसं? इथे बेरीज कामाला येते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली सुधारून दिलेल्या 'न्यूज-२' या गुणपद्धतीत प्रत्येक आकड्याला ० ते ३ गुण असतात. नाडी ११२ ला २, ऑक्सिजन ९४ ला १, ताप ३८.४ ला १, बीपीला शून्य. श्वास २० ला शून्य, म्हणजे एकूण ४, आणि चार गुण म्हणजे सौम्य गट. श्वास २८ ला मात्र ३, म्हणजे एकूण ७, आणि सातपासून पुढे तातडीचं, सतत लक्ष ठेवायचं. तोच माणूस, तोच ताप. फरक फक्त मी न मोजलेल्या एका मिनिटाचा. त्यांना आत नेऊन ऑक्सिजन लावला, एक्स-रेत न्यूमोनिया दिसला.

"अजून दहा मिनिटं आहेत" हे माझं दुसरं चुकलं. आमच्या तक्त्यात लाल रुग्णावर सतत नजर, पिवळ्याची परत तपासणी ३० मिनिटांनी आणि हिरव्याची ६० मिनिटांनी. कॅनडाच्या पाच पातळ्यांच्या पद्धतीत तिसऱ्या आणि चौथ्या पातळीला हेच आकडे आहेत. तुमच्या दवाखान्यात वेगळे असतील तर भिंतीवरचे धरा. नातेवाईक या ३० चा अर्थ 'अर्ध्या तासात डॉक्टर येणार' असा घेतात, आणि आमच्यातले काही 'अर्धा तास बघायची गरज नाही' असा. दोन्ही चूक. ती परत आकडे घेण्याची जास्तीत जास्त मुदत आहे. त्याआधी काही बदललं तर त्याच क्षणी बघायचं. शिवाय ही मुदत केसपेपर काढल्यापासून मोजत नाहीत, शेवटचे आकडे लिहिले तिथून मोजतात. म्हणून आकड्यांसमोर वेळ लिहिली आहे का ते बघा. नसेल तर मुदत संपली की नाही, कुणालाच कळत नाही. ड्यूटी बदलताना तर हमखास घोळ होतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. रंग ठरवायला आधार लागत नाही, रेशनकार्ड लागत नाही. ते जनआरोग्य योजनेसाठी नंतर लागेल. केसपेपर एका नातेवाइकाने काढावा, रुग्णाला रांगेत उभं करू नये. अपघात किंवा मारामारीची केस असली तरी पोलिसांचा कागद येईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत; सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९ मध्येच, परमानंद कटारा प्रकरणात, सांगून ठेवलंय. तरी आजही लोक आधी पोलीस चौकीत जाऊन येतात.

खरे लागणारे कागद कुणीच आणत नाही. एक, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं. मेटोप्रोलॉल किंवा अॅटेनोलॉल घेणाऱ्याची नाडी गोळी दाबून ठेवते. तब्येत बिघडली तरी ती ९० च्या आसपास दिसते आणि तक्ता फसतो. दोन, जुनाट दम्याच्या, फुप्फुसाच्या रुग्णाचं मागचं डिस्चार्ज कार्ड. काहींसाठी ८८ ते ९२ हाच ऑक्सिजन योग्य असतो आणि त्यांना भरमसाट ऑक्सिजन दिला तर उलट झोप चढते. हे त्या कार्डावर असतं, आणि कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत. तीन, फवारणीचं औषध पोटात गेलं असेल तर बाटली. औषधाचा रंग सांगून उपयोग नाही, लेबल लागतं.

बसल्या जागी रुग्णाला एक वाक्य सलग बोलता येईनासं झालं, गुंगी आली, अंगाला गार घाम फुटला, तर रांग मोडून टेबलापाशी या. "कधी बघणार?" विचारलंत तर उत्तर वेळेचं मिळेल. "सिस्टर, श्वास परत मोजून बघा" असं म्हणा.