प्रतीत्यसमुत्पादाच्या आकृतीतील बाण: ‘घडवणारे कारण’ आणि ‘आधारभूत प्रत्यय’

बौद्ध तत्त्वज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमात प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे प्रत्येक गोष्ट इतर गोष्टींच्या आधाराने उद्भवते हा सिद्धांत, बहुधा बारा कड्यांच्या साखळीच्या रूपात शिकवला जातो. कडी म्हणजे निदान, आणि साखळीचा परिचित क्रम असा:

अविद्या → संस्कार → विज्ञान → नामरूप → षडायतन → स्पर्श → वेदना → तृष्णा → उपादान → भव → जाती → जरामरण

बारा नावे पाठ करणे अवघड नाही. गफलत होते ती दोन नावांमधील बाणाचा अर्थ लावताना. तो बाण दोन प्रकारे वाचता येतो. पहिल्या वाचनात डावीकडची गोष्ट उजवीकडची गोष्ट घडवते, म्हणजे वेदना झाली की तृष्णा झालीच. दुसऱ्या वाचनात उजवीकडची गोष्ट डावीकडच्या गोष्टीच्या आधाराने उभी राहते, म्हणजे वेदना नसेल तर तृष्णा उद्भवणार नाही, परंतु वेदना असली म्हणून तृष्णा उद्भवलीच पाहिजे असे नाही. पहिल्या अर्थाने डावीकडची गोष्ट एकटीच पुरेसे कारण ठरते, तर दुसऱ्या अर्थाने ती आवश्यक आधार, म्हणजे प्रत्यय, ठरते. पाली सुत्तांना दुसरे वाचन अभिप्रेत आहे असे मला ठामपणे वाटते.

याचा आधार मूळ सूत्रातच आहे. ‘इमस्मिं सति इदं होति, इमस्सुप्पादा इदं उप्पज्जति, इमस्मिं असति इदं न होति, इमस्स निरोधा इदं निरुज्झति’, म्हणजे हे असताना ते असते, याच्या उदयाने त्याचा उदय होतो, हे नसताना ते नसते, याच्या निरोधाने त्याचा निरोध होतो. केवळ पूर्वार्ध पाहिला तर पहिले वाचनही खपून जाईल असे वाटते, पण दुःखमुक्तीचा सगळा भार उत्तरार्धावर आहे. समजा, प्रत्येक कडी पुढची कडी अटळपणे घडवत असेल, तर जिवंत माणसाला मुक्तीची वाटच उरत नाही, कारण देह आणि इंद्रिये आहेत तोवर स्पर्श होणार, स्पर्श झाला की वेदना होणार, आणि वेदनेमागोमाग तृष्णाही यावीच लागेल. सुत्ते मात्र वेगळेच सांगतात. राजगृहाजवळच्या मद्दकुच्छि मृगवनात दगडाच्या चिपेने पाय जखमी झाल्यावर बुद्धांना तीव्र शारीरिक वेदना होत होत्या आणि त्यांनी त्या स्मृतिपूर्वक, व्यथित न होता सहन केल्या, असे संयुत्तनिकायातील सकलिकसुत्त सांगते. येथे वेदना आहे, तृष्णा नाही. पहिल्या वाचनात या प्रसंगाला जागाच सापडत नाही.

आता एक साधे उदाहरण सोडवून पाहू. पदवीच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी सूचनाफलकावर अंतर्गत चाचणीचे गुण पाहते. तिच्या क्रमांकापुढे वीसपैकी सात लिहिलेले आहेत. डोळा, समोरचे अक्षररूप आणि त्यातून उपजलेले चक्षुर्विज्ञान, म्हणजे डोळ्याद्वारे होणारे भान, या तिघांचा संयोग म्हणजे स्पर्श. कागदाला हात लावणे असा त्याचा अर्थ नाही. आकड्याचा अर्थ उमगतो त्या वेळी मन हे सहावे आयतनही त्यात सामील होते. लगेच एक बोचरी, दुःखद जाणीव होते. ही वेदना. एवढ्यात अजून कोणतीही इच्छा नाही, निर्णय नाही, स्वतःविषयीचे मत नाही.

मग मन म्हणते, ‘हे नको, हे पुसले जावे.’ ही तृष्णा आहे. तृष्णा म्हणजे केवळ हवेसे वाटणे, अशी समजूत असल्यामुळे परीक्षेत येथे हमखास चूक होते. नकोशी गोष्ट नाहीशी व्हावी या ओढीलाही विभवतृष्णा असे स्वतंत्र नाव आहे. दुपारपर्यंत त्या ओढीची पकड घट्ट होते आणि ‘मी मुळातच मंद आहे’ असा आग्रह तयार होतो. हे उपादान, आणि त्याच्या चार प्रकारांपैकी ‘मी’विषयीच्या मताला चिकटणारे अत्तवादुपादान येथे लागू पडते. त्या आग्रहाच्या बळावर ती वर्गात जाणे टाळते, मैत्रिणीशी तुटकपणे बोलते आणि ‘नापास होणारी’ या ओळखीनुसार वागू लागते. भव, म्हणजे काहीतरी बनत जाणे, या कडीची दिशा यातून कळते.

तेच गुण पाहणारी दुसरी विद्यार्थिनी घ्या. तिलाही बोचते, तिची वेदना कमी नाही. पण ती वेदनेला वेदना म्हणून ओळखते, आणि उत्तरपत्रिका मागून कोणते प्रश्न चुकले ते पाहते. सहावी आणि सातवी कडी दोघींच्या बाबतीत सारखीच आहे, आठवी मात्र नाही. मग फरक कशाने पडला? संयुत्तनिकायातील पारिलेय्यसुत्त सांगते की अविद्येच्या स्पर्शातून आलेल्या वेदनेने ग्रासलेल्या, धम्म न ऐकलेल्या माणसाच्या ठायी तृष्णा उपजते. म्हणजे तृष्णेला वेदनेचा आधार लागतो तसा अविद्येचाही लागतो. अविद्या आकृतीच्या डाव्या टोकाला लिहिली जाते म्हणून ती फार पूर्वी घडून संपलेली घटना ठरत नाही. माझ्या मते विद्यार्थ्यांनी अविद्येपासून थेट वेदना आणि तृष्णा यांच्यामधील बाणापर्यंत एक तुटक रेघ काढावी. त्या एका रेघेने अर्धा गोंधळ मिटतो. पाचव्या शतकातील भाष्यकार बुद्धघोषांनीही विसुद्धिमग्गाच्या सतराव्या परिच्छेदात बजावले आहे की एका कारणापासून एकच फळ, असे येथे कोठेही नाही; अनेक कारणांपासून अनेक फळे होतात, आणि प्रमुख कारण दाखवण्यासाठी एकाचे नाव घेतले जाते.

आकृतीत आणखी एक दुरुस्ती हवी. विज्ञान आणि नामरूप यांच्यामध्ये दोन्ही दिशांचे बाण (⇄) काढावेत. नळकलापीसुत्तात सारिपुत्त महाकोट्ठितांना सांगतात की बोरूच्या दोन पेंढ्या एकमेकींना टेकून उभ्या राहाव्यात तशी ही जोडी आहे. एक काढली की दुसरी पडते. यांतील कोणती पेंढी दुसरीला घडवते, हा प्रश्नच येथे गैरलागू आहे. दीघनिकायातील महानिदानसुत्तात तर साखळी अविद्येपर्यंत मागे न जाता याच परस्पराधारापाशी थांबते, आणि तेथे षडायतन ही कडीही नाही. म्हणून बारा हा आकडा सर्वाधिक प्रचलित असला तरी प्रत्येक सुत्तात तोच सापडेल असे धरून उत्तर लिहू नये.

आपण कोणते वाचन वापरत आहोत हे ओळखायचे असेल, तर कोणत्याही बाणावर उलट वाक्य करून पाहावे. ‘उपादान नसेल तर भव नाही’ हे वाक्य सहज जमते, कारण सुत्तांची निरोधाची मांडणी तशीच आहे. ‘वेदना आहे, म्हणून तृष्णा टळणार नाही’ असे वाक्य लेखणीतून उतरले, तर बाण पहिल्या अर्थाकडे सरकला आहे.

वरचे उदाहरण मात्र भवापाशीच थांबवावे. ‘नापास होणाऱ्या मुलीचा जन्म झाला’ असे लिहून जाती ही कडी त्याच दुपारी बसवण्याचा मोह होतो, आणि काही आधुनिक भाष्यकार एकाच जीवनातील, क्षणाक्षणाचा अर्थ लावतातही. परंतु विभङ्गसुत्तातील व्याख्येनुसार जाती म्हणजे प्राण्यांचा जन्म, स्कंधांचे प्रकट होणे आणि आयतनांचा लाभ. बुद्धघोषांच्या मांडणीत पहिल्या दोन कड्या गतजन्मी, मधल्या आठ या जन्मी आणि शेवटच्या दोन पुढील जन्मी येतात. एका जीवनाचा अर्थ स्वीकारायचा असेल तर तो आधुनिक अर्थ आहे असे उत्तरात स्पष्ट नोंदवावे; तीन जन्मांची विभागणी मांडायची असेल तर ती अट्ठकथा-परंपरेची, म्हणजे पाली भाष्यांची, आहे असे लिहावे. बाणाचा अर्थ दोन्हींत आधाराचाच राहतो.