कामाचा क्रम आणि सांगण्याचा क्रम: कांद्याच्या चुकांवर एक मिनिटाचा व्हिडिओ

एप्रिल उजाडला की निफाड, चांदवड, येवल्याकडे उन्हाळ कांद्याची काढणी सुरू होते आणि मोबाईलवर ‘चाळीत कांदा का सडतो’ असले व्हिडिओ फिरू लागतात. बहुतेकांत माहिती चुकीची नसते. पण शेतात काम जसं होतं, तशीच स्क्रिप्टही लिहिलेली असते: उशिरा दिलेला युरिया, मग काढणीआधी पाणी न तोडणं, मग माना पडायच्या आत उपटणं, शेवटी चाळीतली साठवण. हा झाला कामाचा क्रम. सांगण्याचा क्रम वेगळा असतो. दोन्हींत मुद्दे तेच असल्यामुळे लिहिताना फरक लक्षात येत नाही.

कामाचा क्रम विचारतो, ‘आधी काय घडतं?’ सांगण्याचा क्रम विचारतो, ‘बघणाऱ्याच्या हातात आत्ता काय आहे?’ एप्रिलमध्ये बघणाऱ्याचा युरिया कधीच देऊन झालेला असतो. पहिली वीस सेकंदं त्यावर घालवली, तर तो म्हणणार, ‘आता सांगून काय उपयोग?’ आणि अंगठा सरकवणार. हा मुद्दा वाईट नाही, तो जानेवारी-फेब्रुवारीच्या व्हिडिओचा आहे.

एका मिनिटात सावकाश बोललं तर साधारण सव्वाशे शब्द बसतात. त्यात तीन चुका मावतात. चौथी घुसवली की प्रत्येकीचं ‘का’ गळून पडतं आणि नुसती यादी उरते.

माझ्या मते सुरुवात मानेपासून करावी. पात कांद्याला अगदी चिकटून कापली की माल स्वच्छ, गोल दिसतो, म्हणून कापणाऱ्याला ती चूक वाटतच नाही. जी गोष्ट माणूस बरोबर समजून करतो, ती पहिल्या वाक्यात आली की तो थांबतो. शिवाय ती कॅमेऱ्यात दिसते: एका हातात मान न ठेवता छाटलेला कांदा, दुसऱ्या हातात इंचभर मान ठेवलेला. पहिलं वाक्य असं: ‘हा कांदा दिसायला चांगला, पण चाळीत आधी हाच सडेल.’ मग लगेच कारण. छाटलेल्या जागी जखम उघडी राहते आणि तिथून बुरशी आत शिरते. वाळलेली मान मिटली की ती वाट बंद होते.

मधे सुकवण्याचा मुद्दा. पात कापल्यावर कांदा थेट चाळीत न भरता दहा-बारा दिवस सावलीत पसरायचा. हे ऐकून कोणी दचकणार नाही, म्हणूनच ते मधे. शेवटी ढिगाची उंची, कारण शेवटचं वाक्य लक्षात राहतं आणि चाळ भरायचं काम बहुतेकांचं अजून बाकी असतं. चार-पाच फुटांच्या वर ढीग गेला की खालच्या कांद्यावर भार येतो, मधे हवा खेळत नाही आणि सड आतून सुरू होते. बाहेरून कळतं ते वास आल्यावर. तो वासाचा उल्लेख स्क्रिप्टमध्ये जरूर ठेवा, चाळीत उभं राहिलेल्याला तो ओळखीचा असतो.

आता धोका. क्रम फिरवला की बघणारा सांगण्याच्या क्रमालाच कामाचा क्रम समजू शकतो. वरच्या स्क्रिप्टमध्ये पात कापणं पहिलं आलं. नवखा माणूस उपटल्या उपटल्या ओली पात कापून मोकळा होईल. खरं तर कांदा आधी तीन-चार दिवस शेतात पातीसकट वाळवायचा असतो, तोही एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असा, म्हणजे उन्हाने तो भाजत नाही. हे सगळं सांगायला वेळ नसतो, पण दोन शब्द पुरतात: ‘पात वाळल्यावर कापताना इंचभर मान ठेवा.’ आमच्याकडच्या एका मुलाच्या स्क्रिप्टमध्ये ‘चूक १, चूक २, चूक ३’ असे आकडे होते. ते काढायला लावले. आकडे दिसले की डोकं पायऱ्या मोजायला लागतं. त्याऐवजी पडद्यावर ‘शेतात’, ‘सावलीत’, ‘चाळीत’ अशी ठिकाणं लिहिली, की काम कुठलं ते आपोआप जागेवर बसतं.

पडद्यावरच्या अक्षरांचं आणखी एक. एसटीत, बाजार समितीच्या आवारात कितीतरी जण आवाज बंद ठेवून बघतात. ‘मान जवळून कापणे’ एवढंच ठळक लिहिलं, तर अर्धवट बघणारा तोच सल्ला समजून जाईल. चूक तोंडाने सांगा, अक्षरात बरोबर कृती लिहा: ‘इंचभर मान ठेवा.’

कामाचा क्रम कुठे चालतो? पहिल्यांदाच कांदा साठवणाऱ्यासाठी आठ-दहा मिनिटांचा व्हिडिओ करायचा असेल तर तोच बरा. तो माणूस शिकायलाच बसलेला असतो, त्याला पाणी तोडण्यापासून सगळं हवं असतं. गोंधळ होतो तो लांब व्हिडिओची स्क्रिप्ट कापून एका मिनिटाची केली की: मुद्दे कमी होतात, क्रम मात्र जुनाच राहतो. प्रसिद्ध केल्यावर युट्यूबचा आलेख बघा. सुरुवातीलाच लोक गळत असतील तर पहिला मुद्दा बदला. शेवटपर्यंत बघूनही खाली ‘मग पात नक्की कधी कापायची?’ असं कोणी विचारत असेल, तर क्रम ठीक आहे, ‘पात वाळल्यावर’ हे शब्द राहून गेलेत किंवा घाईत बोलले गेलेत.