शिकवणी ॲपची ‘मित्राला बोलवा’ ऑफर: पात्रता, प्रक्रिया आणि कागदपत्रं कशी लिहावीत

‘मैत्रिणीला सांगा, दोघींना 500 रुपये मिळवा’ एवढंच लिहून बहुतेक शिकवणी ॲपवाले मोकळे होतात. पालकांचे फोन सुरू होतात ते नंतर: मैत्रिणीनं ॲप घेतलं, मग पैसे कुठायत? म्हणून बक्षीस नेमकं कधी पक्कं होतं, ते ऑफरच्या मजकुरात आधी आलं पाहिजे.

‘प्रवेश घेतल्यावर’ हा शब्दच मुळात टाळा. कुणाला त्याचा अर्थ ॲप डाउनलोड करणं वाटतो, कुणाला डेमो तास, कुणाला पूर्ण फी. मराठवाड्यात तर ‘पूर्ण फी भरल्यावर’ ही अट घालूच नये. जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हा शेतकरी घरातला पैसा बियाण्या-खतात गेलेला असतो. सोयाबीन बाजारात जातं दिवाळीच्या आसपास, आणि उरलेले हप्ते तेव्हा निघतात. आमंत्रण देणाऱ्या पालकानं चार-पाच महिने वाट पाहायची, तर तो पुढच्या वेळी कुणाला सांगणार नाही. पहिला हप्ता भरला आणि फी परत मागायची मुदत उलटली, की बक्षीस पक्कं, हे धोरण मला बरं वाटतं.

एक उदाहरण धरू. औशाच्या ताईंची मुलगी ॲपवर आठवीला शिकते. त्यांनी किल्लारीच्या मैत्रिणीला कोड पाठवला. फी 9,000 रुपये, तीन हप्ते 3,000 चे. मैत्रिणीनं 28 जूनला पहिला हप्ता भरला. फी परतीची मुदत 15 दिवस, म्हणजे 13 जुलैपर्यंत. तोवर तिनं नाव काढून घेतलं नाही, तर पुढच्या सात दिवसांत, 20 जुलैपर्यंत, दोघींच्या ॲपमधल्या खात्यात 500 रुपये जमा दिसले पाहिजेत, आणि पुढचा हप्ता 2,500 चाच येईल. तिनं 10 जुलैला फी परत घेतली, तर दोघींनाही काही मिळणार नाही. हे आधीच लिहिलेलं असेल तर वाद होत नाही.

दुसरी अडचण ‘नवीन पालक’ या शब्दांत आहे. वडिलांनी एप्रिलमध्ये आपल्या फोनवरून डेमो पाहिला, जूनमध्ये आईनं कोड टाकला, आणि यंत्रणा म्हणते, हे कुटुंब जुनं. घरात एकच फोन असला की दुसऱ्या लेकराचंही असंच होतं. त्यामुळे पात्रता मोबाइल नंबरावर न ठेवता मुलावर ठेवा: ज्या मुलाच्या नावानं आजवर फी भरलेली नाही, ते नवीन. फक्त स्वतःच्याच दुसऱ्या मुलासाठी कोड चालणार का, ते वेगळं सांगा. नाही तर पालक आपलं आपण ठरवतात.

कागदपत्रांचा भाग छोटाच असावा. आमंत्रण देणाऱ्याकडून नोंदणीचा मोबाइल नंबर पुरतो. रक्कम हप्त्यात वळती न करता हातात द्यायची असेल तर त्याच पालकाच्या नावाचा यूपीआय आयडी. बक्षीस जमा झालं नाही तर दाव्यासाठी फीची पावती आणि कोड असलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट. पाचशे रुपयांसाठी आधार कार्ड मागू नये. मैत्रिणीचा नंबरही ॲपनं फोनमधून उचलायचा नाही. पालकानं स्वतः मेसेज पाठवावा.

हे सगळं एकत्र केलं तर मजकूर असा होतो:

> तुमच्या ओळखीच्या पालकाला तुमचा कोड पाठवा. ज्या मुलाची आमच्याकडे आजवर फी भरलेली नाही, त्याच्यासाठी त्यांनी पहिला हप्ता भरताना हा कोड टाकावा. हप्ता भरल्यापासून 15 दिवसांत फी परत घेतली नाही, तर पुढच्या 7 दिवसांत तुम्हा दोघांच्या पुढच्या हप्त्यातून 500 रुपये कमी होतील. कोड नंतर टाकता येणार नाही. स्वतःच्या दुसऱ्या मुलासाठी हा कोड चालत नाही.

‘कोड नंतर टाकता येणार नाही’ हे वाक्य हप्ता भरायच्या पानावर, कोडच्या चौकोनाशेजारीही हवं. बहुतेक तक्रारी तिथेच जन्मतात: मैत्रीण घाईत पैसे भरते आणि कोड राहून जातो.

पालकानं पाठवायच्या तयार मेसेजमध्ये ‘तुम्ही आलात तर मलाही 500 रुपये सूट मिळते’ असं उघड लिहा. जाऊबाईंना हे नंतर कळलं तर दोघींमध्ये उगाच किल्मिष येतं. शिवाय 2022 च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा रोखही असा संबंध लपवू नये असाच आहे. त्याच तत्त्वांनुसार अटी जाहिरातीतल्या दाव्याच्याच भाषेत हव्यात. वर मराठी ऑफर आणि खाली इंग्रजीत बारीक अटी, हे चालत नाही. ऑफर महिनाभर चालणार असताना ‘फक्त आजच’ लिहिणं म्हणजे खोटी घाई, आणि 2023 च्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे ग्राहकाला फसवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या मांडणीविषयीच्या, तत्त्वांत तिला मनाई आहे.

ऑफर बंद करायची तारीख लिहाल तेव्हा ती कशाला लागू, तेही सांगा. 31 जुलैला संपणारी ऑफर असेल, तर पहिला हप्ता त्या तारखेपर्यंत भरलेला पुरे. बक्षीस ऑगस्टमध्ये जमा झालं तरी ते द्यायचंच आहे.