क्लॅप, टाइमकोड आणि तीन फ्रेम उशिरा वाजणारी हलगी

बेळगावजवळच्या येळ्ळूर, कंग्राळीकडं यात्रेतलं कुस्ती मैदान शूट करायचं म्हटलं की कॅमेरा आखाड्याच्या कडेला कोण उभा करू देतंय, मागनं पब्लिक ओरडायला लागतं "ओ कॅमेरावाले, खाली बसा की जरा". मग एक कॅमेरा चाळीसेक मीटर लांब मचाणावर जातो, दुसरा हातात घेऊन पोरगा मातीजवळ बसतो, आणि आवाजाचा वेगळा रेकॉर्डर हलगीवाल्यांच्या शेजारी ठेवतात. म्हणजे तीन मशिनं, तीन वेगळ्या फायली, आणि रात्री एडिटिंगला बसल्यावर ह्या तिघांना एका ओळीत आणायचं.

आता बरेच लोक काय करतात, सॉफ्टवेअरला सांगतात की आवाजाच्या लाटा बघून तूच जुळव. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकचा आवाज आणि रेकॉर्डरचा आवाज ते पडताळून बघतं आणि फायली सरकवतं. खोलीतल्या मुलाखतीला हे भारी चालतं, मैदानात मात्र गंडतं, कारण आवाज चालत येतो आणि प्रकाश जवळपास तिथल्या तिथं पोचतो. आपल्याकडच्या उन्हात आवाज सेकंदाला साधारण 348 मीटर जातो, आणि 25 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम 40 मिलिसेकंदाची, म्हणजे एका फ्रेमला जवळपास 14 मीटर. मचाण 42 मीटरवर असेल तर तिथल्या माइकला हलगी 3 फ्रेम उशिरा ऐकू येते. सॉफ्टवेअर बिचारं त्या उशिरा आलेल्या आवाजाला रेकॉर्डरचा आवाज चिकटवतं, आणि मग झूम केलेल्या शॉटमधे काडी चामड्यावर पडून गेल्यावर टण्ण वाजतं.

बरं नुसतं तेवढंच नाही. जवळचा कॅमेरा आवाजाशी बरोबर बसलाय आणि लांबचा 3 फ्रेम पुढं पळालाय, म्हणून जवळनं लांबच्यावर कट मारला की डावाचा तेवढा तुकडा गायब होतो आणि उलट कट मारला की तोच तुकडा परत दिसतो. ढाक मारताना पैलवान हवेत असतानाच असा कट पडला तर बघणाऱ्याला नेमकं काय झालं ते सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतंय एवढं कळतं.

क्लॅपबोर्डचा हिशोब ह्याच्यापेक्षा सरळ आहे. पाटी कॅमेऱ्यासमोर धरायची, सीन-शॉट-टेक मोठ्यानं बोलायचं, दांडी मारायची. चित्रात दोन्ही दांड्या पहिल्यांदा पूर्ण मिटलेल्या दिसतात ती फ्रेम शोधायची, आवाजात तिथंच एक उभा सुळका असतो, दोन्ही एकावर एक ठेवायचे. समजा कॅमेऱ्याच्या क्लिपमधे दांडी मिटलेली फ्रेम 8 सेकंद 12 फ्रेमवर आहे आणि रेकॉर्डरच्या फायलीत सुळका 31.64 सेकंदावर. .64 म्हणजे 25 मधल्या 16 फ्रेम, तर 31:16 मधनं 8:12 वजा, उरले 23 सेकंद 4 फ्रेम, आवाजाची फाइल तेवढी डावीकडं ओढायची. झालं. क्लॅप रेकॉर्डरच्या माइकजवळ मारलाय ना एवढंच बघायचं, मग कॅमेरा लांब असला तरी फरक पडत नाही कारण त्याच्याकडनं आपण फक्त चित्र घेतोय. (टेकचा नंबर कन्नडमधे बोलायचा का मराठीत ते आधी ठरवा, आमच्याकडं एकजण "मूरू" म्हणतो आणि पाटीवर दुसऱ्यानं चार लिहिलेलं असतं.)

पण एक क्लॅप म्हणजे एकच क्षण. कॅमेरा बंद करून परत चालू केला की नवी फाइल आणि जुना क्लॅप बाद. मैदानात कुस्तीवर कुस्ती लागत असते, प्रत्येक जोडीला पंचांना थांबवून आखाड्यात पाटी घेऊन जाणार कोण? सुरुवात हुकली तर शेवटी पाटी उलटी धरून क्लॅप मारायची पद्धत आहे, तीही निकाली कुस्तीनंतर पब्लिक आत घुसलं की जमत नाही.

इथं टाइमकोड कामाला येतो. तास, मिनिट, सेकंद, फ्रेम असा 14:02:11:07 सारखा आकडा, प्रत्येक फ्रेमला स्वतःचा घर नंबर मिळाल्यासारखा. सकाळी सगळ्या टाइमकोड बॉक्सना एकाच बॉक्सवरनं वेळ द्यायची, ह्याला जॅम करणं म्हणतात, मग प्रत्येक मशिनला एकेक बॉक्स लावायचा. लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडं असतात त्या साध्या कॅमेऱ्यांना बऱ्याचदा टाइमकोडची पिनच नसते, म्हणून बॉक्सची वायर माइकच्या भोकात घालतात आणि टाइमकोड आवाज म्हणूनच रेकॉर्ड होतो. ऐकला तर नुसती किर्रकिर्र, पण त्यात प्रत्येक फ्रेमला 80 बिट असतात, 25 फ्रेमला सेकंदाला 2000. डाव्या चॅनेलवर ही किर्रकिर्र आणि उजव्यावर साधा माइक ठेवला तर बरं, नंतर पडताळायला आवाज उरतो. बॉक्सचं आउटपुट माइक लेव्हलला ठेवा, नाहीतर कॅमेरा त्याला इतका फुगवतो की सिग्नलचा चेंदामेंदा होऊन सॉफ्टवेअरला वाचताच येत नाही.

डाविंची रिझॉल्व्हमधे असल्या क्लिपा निवडून राइट क्लिक करायचं, `Update Timecode from Audio Track`, की किर्रकिर्रीतनं आकडे क्लिपवर चढतात. मग टाइमकोडवर सिंक करायचं. बॉक्सला अंतर कळतच नाही, त्यामुळं मचाणाचे ते 3 फ्रेम आपोआप सुटतात.

आता ह्यात दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं फ्रेम रेट. कॅमेरा, बॉक्स, रेकॉर्डर सगळे 25 वर पाहिजेत. एखादा 29.97 नॉन-ड्रॉपवर राहिला तर त्याचा आकडा खऱ्या घड्याळाच्या तासाला 3.6 सेकंद मागं पडतो, म्हणजे सकाळी सगळं छान आणि दुपारच्या मोठ्या कुस्तीला सगळं बोंबललेलं.

दुसरं जास्त लबाड आहे. टाइमकोड फाइलची सुरुवात जुळवतो, आतली चाल नाही. प्रत्येक मशिनमधे वेळ मोजणारं क्रिस्टल वेगळं, आणि दोघांत दहा लाखात 50 एवढा फरक असला तरी एका तासात 0.18 सेकंद होतात, म्हणजे साडेचार फ्रेम. चांगल्या बॉक्सचं क्रिस्टल दहा लाखात 1 च्या आसपास असतं, ते दहा तासात एक फ्रेमसुद्धा हलत नाही, पण बॉक्स स्थिर आहे म्हणून कॅमेऱ्याच्या आतलं घड्याळ सुधारत नाही की. त्यामुळं रेकॉर्डर दीड तास सलग चालू ठेवला आणि कॅमेराही तसाच, तर शेवटाकडं हलगी परत घसरलेली सापडते.

कुठला घोटाळा झालाय ते ओळखायला क्लिपची दोन टोकं बघावी लागतात. सुरुवातीला हलगीचा एक ठोका घ्या, शेवटी एक घ्या. दोन्हीकडं सारखाच फरक असेल तर जुळवणी चुकलीय, फाइल सरकवली की संपलं. सुरुवात बरोबर आणि शेवट 4 फ्रेम बाहेर असेल तर ती चाल आहे, तिथं सरकवून एक टोक सुधारलं की दुसरं बिघडतं. मग दोन कुस्त्यांच्या मधल्या गोंगाटात आवाजाला काप मारून पुढचा तुकडा नव्यानं बसवायचा, किंवा तासाच्या फाइलचा वेग 0.0044 टक्के बदलायचा, एवढ्यानं सूर हललेला कुणालाच कळत नाही. मला विचाराल तर दोन जोड्यांच्या मधे कॅमेरा आणि रेकॉर्डर दोन्ही एकदा बंद करून चालू करा, प्रत्येक नव्या फाइलची सुरुवात टाइमकोड परत जागेवर आणतो आणि दहा-पंधरा मिनिटांच्या क्लिपमधे ही घसरण एका फ्रेमच्या आसपासच राहते.