साधा खोड-पान आलेख आणि पाठीला पाठ लावलेला आलेख: डावी बाजू वाचायची कुठून?

साधा खोड-पान आलेख, म्हणजे स्टेम-अँड-लीफ, बहुतेकांना येतो, म्हणून तो झटपट उरकतो. दशकाचा अंक खोड, एककाचा अंक पान. ६४ चं खोड ६ आणि पान ४. उभ्या रेषेच्या डावीकडे खोडं, उजवीकडे पानं. दोघांना सारखेच गुण पडले असतील तर पान दोनदा लिहायचं. कोणी शंभर काढले तर खोड १० आणि पान ०. पानांमध्ये स्वल्पविराम कृपा करून देऊ नका. सगळे अंक सारख्या अंतरावर हवेत, कारण ओळ किती लांब गेली यावरूनच त्या गटात किती मुलं आहेत ते दिसतं. संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्युकी यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत लोकप्रिय केली ती याच गुणासाठी: वितरणाचा आकार डोळ्यांना दिसतो आणि मूळ आकडेही हरवत नाहीत.

दोन तुकड्यांची तुलना करायची वेळ आली की घोळ सुरू होतो. पाठीला पाठ लावलेला आलेख म्हणजे दोन साधे आलेख शेजारी शेजारी चिकटवणं, असं समजून लोक कामाला लागतात. तसं नाही. इथे खोड एकच असतं, मधोमध. एका तुकडीची पानं उजवीकडे जातात, दुसरीची डावीकडे.

उदाहरणासाठी अ तुकडीत १५ मुलं आणि ब तुकडीत ११ मुलं घेऊ. पेपर १०० गुणांचा. आकडे मी बनवलेले आहेत.

अ: ३८, ४१, ४७, ५२, ५३, ५६, ५८, ६१, ६१, ६४, ६७, ७२, ७५, ८३, ९०
ब: ३५, ३८, ४२, ४४, ४९, ७१, ७४, ७६, ७८, ८२, ८४

```
तुकडी अ |   | तुकडी ब
      ८ | ३ | ५ ८
    ७ १ | ४ | २ ४ ९
८ ६ ३ २ | ५ |
७ ४ १ १ | ६ |
    ५ २ | ७ | १ ४ ६ ८
      ३ | ८ | २ ४
      ० | ९ |
```

खाली सूची दोन्ही बाजूंची द्यायची: उजवीकडे ३ | ५ म्हणजे ३५, डावीकडे ८ | ३ म्हणजे ३८. फक्त उजवीकडची सूची देऊन मोकळं होणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. उजवी बाजू कोणालाही कळते. सूची लागते ती डावीसाठीच.

आता खरी अडचण. डावीकडची ‘८ ६ ३ २ | ५’ ही ओळ म्हणजे ५२, ५३, ५६, ५८. ती ८५ किंवा २५ नाही. खोड कुठल्याही बाजूने पाहिलं तरी दशकच असतं. हे एकदा सांगितलं की लोकांना पटतं. पण याच्या पुढची पायरी निसटते: पानांचा चढता क्रम खोडापासून बाहेर जातो. खोडाला सर्वांत जवळचं पान सर्वांत लहान, सर्वांत बाहेरचं सर्वांत मोठं, आणि हे दोन्ही बाजूंना. चौकात उभं राहून दोन्हीकडची घरं मोजत जावीत तसं. म्हणून डावी बाजू उजवीकडून डावीकडे वाचायची. आपला हात आणि डोळा, दोघांनाही याची सवय नाही.

‘क्रम उलटा झाला तरी आकडे तेच आहेत ना?’ असं हमखास विचारलं जातं. आकडे तेच, पण मध्यक बदलतो. अ मध्ये १५ मुलं, म्हणजे मध्यक आठवा गुण. वरून मोजू: ३० च्या ओळीत एक, ४० च्या ओळीपर्यंत तीन, ५० च्या ओळीपर्यंत सात. आठवा गुण ६० च्या ओळीतलं पहिलं पान. पहिलं कुठलं? खोडाजवळचं, म्हणजे १. मध्यक ६१. ओळ नेहमीसारखी डावीकडून वाचली तर पहिलं पान ७ वाटतं आणि मध्यक ६७ येतो. ब चा मध्यक सहावा गुण, म्हणजे ७१. दोन तुकड्यांमधलं दहा गुणांचं अंतर बघता बघता चारवर आलं.

चूक पकडायची सोपी खूण आहे. मध्यकाच्या खाली आणि वर किती जण उरतात ते मोजा. ६७ च्या खाली दहा मुलं आहेत आणि वर फक्त चार. तो मध्यक असूच शकत नाही.

हा गोंधळ वर्षानुवर्षं टिकून राहतो त्याचं कारणही इथेच आहे. एखाद्याने ओळ ‘१ १ ४ ७ | ६’ अशी चुकीची लिहिली आणि डावीकडून वाचलीही, तर उत्तर ६१ येतं, म्हणजे बरोबर! दोन चुका एकमेकींना झाकतात. तोच आलेख नियमाप्रमाणे खोडापासून वाचणाऱ्याच्या हाती गेला की त्याला ६७ मिळतात, आणि वाद सुरू. म्हणून वहीत उत्तर जुळलं एवढ्यावर समाधान मानू नये, ओळही तपासावी. माझी पद्धत अशी: आधी कच्च्या आलेखात पानं येतील तशी टाकायची, मग पक्का आलेख काढताना पेन खोडापाशी टेकवून लहान पानापासून बाहेर सरकत जायचं. डावी ओळ आधी उजवीसारखी लिहून मग उलटवणं मला आवडत नाही, त्यात एखादं पान गळतंच.

एवढं नीट जमलं की आलेख बोलायला लागतो. दोन्ही तुकड्यांची सरासरी काढून बघा, दोन्हींची ६१.२ येते. नुसती सरासरी पाहणारा म्हणेल, दोन्ही वर्ग सारखेच. आलेखात अ ची गर्दी ५० आणि ६० च्या ओळींत दिसते, तर ब मध्ये त्याच दोन ओळी कोऱ्या आहेत: पाच मुलं पन्नासच्या खाली, सहा सत्तरच्या वर, मध्ये कोणीच नाही. सरासरी जिथे पडते तिथे ब चा एकही विद्यार्थी नाही. ब चा साधा आलेख काढताना बरेच जण ५ आणि ६ ही रिकामी खोडं गाळून टाकतात. मग ४९ नंतर लगेच ७१ येतात आणि दरी दिसतच नाही. रिकामं खोड साध्या आलेखातही लिहायचंच असतं. पाठीला पाठ लावताना ते गाळताच येत नाही, कारण समोर अ ची पानं असतात. शेजारी शेजारी दोन आलेख ठेवण्यापेक्षा मला हे रूप पसंत आहे ते यासाठी.

ओळींची लांबी ताडताना मात्र १५ आणि ११ विसरू नका. ४० च्या ओळीत अ ची दोन पानं आणि ब ची तीन, फरक एका पानाचा दिसतो. पण १५ पैकी २ आणि ११ पैकी ३ म्हणजे साधारण १३ टक्के आणि २७ टक्के. एक वर्ग साठचा आणि दुसरा वीसचा असेल तर हा आलेख काढूच नये, मोठा वर्ग डोळ्यांवर हावी होतो.

शेवटची एक गैरसमजूत. ‘३ | ८ | २ ४’ या ओळीत ८३ आणि ८२ समोरासमोर आले, म्हणून त्यांची जोडी लागत नाही. ती दोन वेगळ्या वर्गांतली मुलं आहेत. एकाच वर्गाचे पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीचे गुण असे मांडले तर कोणाचे वाढले आणि कोणाचे घटले, हे या आलेखातून अजिबात कळणार नाही. त्यासाठी प्रत्येक मुलाच्या गुणांमधला फरक काढा आणि त्या फरकांचा वेगळा साधा आलेख काढा.