सोनेरी लायका आणि लेन्समागचं चाक

‘आजोबांच्या कपाटात सोनेरी लायका कॅमेरा सापडला. वर गरुडाचं चिन्ह आणि बर्लिन १९३६ कोरलंय. फोटो पाठवतोय. दुर्मीळ म्हणजे लाखोंचा असेल ना?’

फोटो पाहून वाईट वाटलं, पण हा बहुधा सोव्हिएत बनावटीचा फेड किंवा झोर्की कॅमेरा आहे. १९३४ पासून सोव्हिएत संघात जर्मन लायका २ ची नक्कल बनत होती. पुढे त्याच कॅमेऱ्यांवरची मूळ नावं घासून काढली गेली, त्यावर लायकाचं नाव, गरुड, ऑलिम्पिकची वर्तुळं कोरली गेली आणि सोनेरी मुलामा चढवला गेला. असे कॅमेरे ढिगाने फिरतात.

समोरच्या बाजूच्या खिडक्या पाहा. लायकाने खरोखर सोनेरी कॅमेरे काढले, पण ते १९३० च्या आसपासचे आणि अगदी थोडे. ते लायका १ वर बेतलेले होते, त्यात अंतर मोजून फोकस जुळवायला मदत करणारा रेंजफाइंडर नव्हता. तुमच्या कॅमेऱ्यावर रेंजफाइंडरच्या दोन गोल खिडक्या स्पष्ट दिसतात.

तरी एक फोटो अजून हवा. लेन्स फिरवून काढा आणि आत वरच्या बाजूला डोकावा. तिथे लेन्सला टेकणारा एक दांडा असतो. लायकात त्याच्या टोकाला छोटं गोल चाक असतं, फेड-झोर्कीत बहुधा पाचरीसारखी जीभ. कोरीवकाम कोणीही करतं, हा भाग बदलायची तसदी सहसा कोणी घेत नाही.

संग्राहक पैसे मोजतात ते मूळ अवस्थेसाठी: क्रमांक मॉडेलशी जुळणारा, रंग कारखान्यातला. झिजलेला काळा लायकासुद्धा म्हणूनच या चकचकीत सोन्यापेक्षा कितीतरी महाग जातो.