चक्रवाढ व्याजातील अपूर्ण कालखंड

चक्रवाढ व्याजात ठरलेल्या मुदतीनंतर, म्हणजे दर वर्षाने, सहामाहीने किंवा महिन्याने, साचलेले व्याज मुद्दलात मिळवतात आणि पुढचे व्याज त्या वाढीव मुद्दलावर धरतात. अशा दोन मिळवणींमधले अंतर म्हणजे एक कालखंड. एकूण मुदत पूर्ण कालखंडांत बसली तर हिशेबात अडचण येत नाही. पण मुदत दोन वर्षे पाच महिने असेल आणि व्याज वर्षाने मिळवले जात असेल, तर वरचे पाच महिने उरतात. या उरलेल्या तुकड्याला अपूर्ण कालखंड म्हणतात. त्याचे व्याज काढण्याच्या दोन रीती रूढ आहेत आणि त्यांची उत्तरे जुळत नाहीत.

काटेकोर रीतीत अपूर्णांक सरळ घातांकात जातो. सोप्या रीतीत पूर्ण वर्षांपुरते चक्रवाढ व्याज काढतात आणि त्या राशीवर उरलेल्या महिन्यांचे सरळ व्याज धरतात. शालेय गणितात बहुधा हीच दुसरी रीत शिकवतात.

```
काटेकोर रीत:  A = P(1+i)^(n+f)
सोपी रीत:     A = P(1+i)^n × (1 + f·i)
```

येथे P मुद्दल, A रास, i एका कालखंडाचा दर, n पूर्ण कालखंडांची संख्या आणि f उरलेला अपूर्णांक आहे. f नेहमी ० आणि १ यांच्या दरम्यान असतो.

मुद्दल १,००,००० रुपये, दर द.सा.द.शे. १२, मुदत २ वर्षे ५ महिने घेऊ. दोन्ही रीतींची पहिली पायरी एकच आहे: दोन वर्षांनंतरची रास १,००,००० × १.१२ × १.१२ = १,२५,४४० रुपये. सोप्या रीतीत पाच महिन्यांचा दर १२ × ५/१२ = ५ टक्के. १,२५,४४० चे ५ टक्के ६,२७२ होतात, म्हणून रास १,३१,७१२ रुपये. काटेकोर रीतीत १.१२ चा ५/१२ वा घात काढावा लागतो. तो १.०४८३५२९ येतो आणि रास १,३१,५०५.३९ रुपये होते. म्हणजे सोपी रीत २०६.६१ रुपये जास्त देते.

नावात ‘सरळ व्याज’ असल्यामुळे अनेकांना उलट वाटते. चक्रवाढ नेहमी सरळ व्याजापेक्षा जास्त, हे डोक्यात पक्के बसलेले असते. ते एका कालखंडापेक्षा मोठ्या मुदतीला लागू आहे. एका कालखंडाच्या आत परिस्थिती उलटी असते: f एकापेक्षा लहान असेल तर (1+i)^f हा 1+f·i पेक्षा नेहमी लहान असतो. गणितात हे बर्नुलीच्या असमानतेचे एक रूप आहे. f शून्य किंवा एक असताना मात्र दोन्ही उत्तरे तंतोतंत सारखी येतात.

कारण रोजच्या वाढीत दिसते. वरच्या उदाहरणात तिसऱ्या वर्षात रास १,२५,४४० वरून १,४०,४९२.८० वर जाते. वाढ १५,०५२.८० रुपयांची. सोपी रीत ही वाढ ३६५ दिवसांत समान वाटते, रोज ४१.२४ रुपये. काटेकोर रीतीत रास जसजशी वाढते तसतशी रोजची वाढही वाढत जाते: वर्षाच्या सुरुवातीला ती रोज सुमारे ३८.९५ रुपये असते आणि अखेरीला सुमारे ४३.६२. दोघींना वर्षअखेरीस त्याच ठिकाणी पोहोचायचे असल्याने सोपी रीत आधी पुढे निघते आणि नंतर दुसरी तिला गाठते. फरक सर्वांत मोठा असतो तो वर्ष अर्धे उलटल्यावर लगेच, १२ टक्क्यांना साधारण १८४ व्या दिवशी. या उदाहरणात तो तेव्हा सुमारे २१३ रुपये असतो. आलेखावर काटेकोर रीत म्हणजे एक अखंड वक्र, तर सोपी रीत म्हणजे त्या वक्रावरचे वर्षअखेरीचे बिंदू जोडणाऱ्या सरळ रेषा.

सोप्या रीतीचा उगमही याच सरळ रेषांशी जुळतो. फ्लेमिश गणिती सायमन स्टेविन यांनी १५८२ मध्ये अँटवर्प येथे व्याजाची कोष्टके छापली, आणि अपूर्णांकातले घात काढणे सोपे करणारे नेपियर यांचे लॉगरिदम आले ते त्यानंतर, १६१४ मध्ये. कोष्टकात पूर्ण वर्षांचे आकडे असतात. मधल्या महिन्यांसाठी दोन शेजारच्या आकड्यांतला फरक प्रमाणात वाटून घेणे हा हाताशी असलेला मार्ग. तो वापरला की उत्तर नेमके सोप्या रीतीचेच येते: १५,०५२.८० चे ५/१२ म्हणजे ६,२७२. बारावे मूळ हाताने काढण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

फरक किती पडेल याचा अंदाज i²f(1−f)/2 या सूत्राने येतो. त्याचे उत्तर शेवटच्या पूर्ण कालखंडाअखेरच्या राशीने गुणायचे. अर्ध्या कालखंडाला ते सूत्र i²/8 होते. प्रत्यक्षात फरक याहून थोडा कमीच भरतो. महत्त्वाचे आहे ते दराच्या वर्गाशी असलेले नाते. एक लाखावर सहा महिन्यांसाठी फरक ६ टक्क्यांना ४३.७० रुपये, १२ टक्क्यांना १६९.९५ आणि २४ टक्क्यांना ६४४.७१ येतो. दर दुप्पट झाला की फरक जवळजवळ चौपट. त्यामुळे कमी दराच्या व्यवहारात रीत कोणती यावर कोणी डोके खपवत नाही, आणि चढ्या दराच्या कर्जात तेच कलम वाचून घ्यावे लागते.

पैशांच्या फरकापेक्षा सोप्या रीतीतली विसंगती जास्त खटकणारी आहे. तिच्यात मुदत तोडली की उत्तर बदलते. समजा पाच महिन्यांनी खाते बंद करून सगळी रक्कम त्याच दराने पुन्हा सात महिन्यांसाठी ठेवली. सोपी रीत आता १.०५ × १.०७ = १.१२३५ देईल, तर न तोडता पूर्ण वर्ष ठेवल्यास १.१२ च मिळते. १,२५,४४० रुपयांवर हा फरक ४३९.०४ रुपये आहे. मध्येच व्याज मुद्दलात मिळाले, एवढेच काय ते झाले. काटेकोर रीतीत १.१२ चा ५/१२ वा घात आणि ७/१२ वा घात यांचा गुणाकार १.१२ च होतो, कुठेही तोडा. म्हणून मुदतीआधी मोडता येणाऱ्या ठेवीसाठी सोपी रीत लिहून दिली असेल, तर मोडल्यावर नव्याने ठेवण्याबाबतची अटही सोबत लिहावी लागते.

रक्कम पुढे नेण्याऐवजी मागे आणायची असेल तर गोंधळ वाढतो, कारण तिथे सोप्या रीती दोन होतात. २ वर्षे ५ महिन्यांनी मिळणाऱ्या १,००,००० रुपयांचे आजचे मूल्य काढायचे आहे. १.२५४४ × १.०५ ने भागले तर ७५,९२३.२३ रुपये येतात. उलट, आधी पूर्ण तीन वर्षे मागे जाऊन मग सात महिन्यांचे सरळ व्याज मिळवले तर ७६,१६०.४९ येतात. काटेकोर उत्तर ७६,०४२.५१ आहे, दोहोंच्या जवळजवळ मधोमध. दोन्ही रीती ‘उरलेल्या महिन्यांसाठी सरळ व्याज’ या एकाच वाक्यात बसतात. करारात सूत्र न लिहिता फक्त ते वाक्य लिहिले तर वाद व्हायला तेवढे पुरते.

मुदत शोधतानाही असेच होते. १२ टक्क्यांनी दामदुप्पट व्हायला किती काळ लागेल? सहा वर्षांत १.९७३८ पट होते. उरलेली भर सोप्या रीतीने सुमारे ४० दिवसांत पडते, काटेकोर रीतीने सुमारे ४२ दिवसांत.

हिशेब चुकतो तो बहुधा तीन ठिकाणी. पहिली चूक म्हणजे वरच्या महिन्यांचे व्याज मूळ मुद्दलावर धरणे: ६,२७२ ऐवजी ५,००० येतात आणि रास १,३०,४४० होते. रास काटेकोर उत्तरापेक्षाही कमी आली की समजावे, हेच झाले आहे. दुसरी चूक, १२ टक्क्यांचे महिन्याला १ टक्का करून २९ महिन्यांची चक्रवाढ काढणे. उत्तर १,३३,४५०.३९ येते, सोप्या रीतीच्याही बरेच वर. हा अपूर्ण कालखंडाचा हिशेब राहतच नाही, तो दरमहा मिळवणीचा वेगळाच करार झाला. वार्षिक १२ टक्क्यांशी जुळणारा महिन्याचा दर १ नव्हे, सुमारे ०.९४८९ टक्के आहे.

तिसरी चूक सहामाही मिळवणीत होते. तिथे i ६ टक्के असतो आणि २ वर्षे ५ महिन्यांत चार पूर्ण सहामाह्या बसून पाच महिने उरतात. f इथे ५/१२ नसून ५/६ आहे, कारण अपूर्णांक कालखंडाचा धरायचा, वर्षाचा नव्हे. उरलेल्या महिन्यांचे सरळ व्याज ५ टक्के होते. ५/१२ धरले तर ते अडीच टक्केच भरते आणि अर्धे व्याज बुडते. बरोबर हिशेबाने सोपी रीत १,३२,५६०.०८ देते आणि काटेकोर १,३२,५२९.२३. फरक फक्त ३०.८५ रुपये, कारण कालखंड लहान झाला की i लहान होतो, आणि फरक त्याच्या वर्गाने आक्रसतो.

स्प्रेडशीटमध्ये हिशेब करताना कोणती रीत आपोआप वापरली जाते हे माहीत असावे. भावी रास काढणाऱ्या FV ला मुदत अपूर्णांकात दिली तर ते घातांकच वापरते, म्हणजे उत्तर काटेकोर रीतीचे. वेगवेगळ्या तारखांच्या रकमांवरून परताव्याचा दर काढणारे XIRR हे दिवस ३६५ ने भागून घातांकात घेते. सोपी रीत हवी असेल तर सूत्र स्वतः लिहावे लागते:

```
=FV(12%, 29/12, 0, -100000)
=100000*(1+12%)^2*(1+12%*5/12)
```

पहिल्या ओळीचे उत्तर 131505.39 आणि दुसरीचे 131712 येते. महिन्यांऐवजी दिवस मोजायचे असतील तर छेदात ३६५ घ्यायचे की ३६० हेही करारातून पाहावे. १५० दिवसांचे १२ टक्क्यांनी सरळ व्याज ३६० ने भागल्यास ५ टक्के येते, ३६५ ने भागल्यास ४.९३ टक्के. १,२५,४४० रुपयांवर हा फरक सुमारे ८६ रुपयांचा आहे. दोन हिशेब जुळत नसतील तर रीतीवर वाद घालण्याआधी दिवसांचा छेद तपासलेला बरा.